केनियातली निवडणूक, निरीक्षक आणि निकालानंतरची जाळपोळ

प्रश्न: "२०१७ मध्ये केनियातल्या मतदानाबद्दल परदेशी निरीक्षक चांगलं बोलले आणि महिन्याभरात कोर्टानं तीच निवडणूक रद्द केली. मग हे लोक नेमकं तपासतात काय? आणि मतदान शांततेत झालं तरी नंतर दंगली का होतात?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचं आपोआप उलगडतं. त्यासाठी २०१७ च्या दहा वर्षं मागे जावं लागेल.

२७ डिसेंबर २००७ ला केनियात मतदान झालं. रांगा लांबलचक होत्या, पण दिवस बऱ्यापैकी शांततेत गेला. सुरुवातीच्या मोजणीत विरोधी उमेदवार रायला ओडिंगा पुढे होते. मग राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांच्या बालेकिल्ल्यांतले आकडे उशिरा येऊ लागले आणि आघाडी घटत गेली. ३० तारखेला किबाकी २,३१,७२८ मतांनी विजयी झाल्याचं जाहीर झालं आणि त्याच संध्याकाळी घाईघाईनं त्यांचा शपथविधीही उरकला. त्या रात्रीपासून जाळपोळ सुरू झाली. दोन महिन्यांत अकराशेहून जास्त माणसं मेली आणि लाखो बेघर झाली. १ जानेवारीला एल्डोरेटजवळच्या किआम्बा गावात जीव वाचवायला चर्चमध्ये लपलेल्या बायकामुलांना आत कोंडून आग लावण्यात आली.

याला नुसतं "जमातींचं भांडण" म्हणून मोकळं होऊ नका. एल्डोरेट ज्या भागात येतं त्या रिफ्ट व्हॅलीत जमिनीचा वाद स्वातंत्र्यापासून धुमसत होता. गोरे शेतमालक गेल्यावर बऱ्याच जमिनी बाहेरून आलेल्या, किबाकींच्याच किकुयू समाजातल्या कुटुंबांना मिळाल्या आणि स्थानिक कालेंजिन समाजात आपल्यावर अन्याय झाल्याची भावना घर करून बसली. १९९२ आणि १९९७ च्या निवडणुकांच्या सुमारासही तिथे रक्तपात झाला होता आणि तो घडवणाऱ्या पुढाऱ्यांचं कुणी काही वाकडं केलं नव्हतं. म्हणजे मारणाऱ्याला शिक्षा होत नाही, हे लोकांनी आधीच पाहिलं होतं. त्यात निवडणूक आयोगाचे बरेच सदस्य किबाकींनी मतदानाच्या आधी एकतर्फी नेमले होते. ओडिंगांच्या पक्षानं कोर्टात जायलाच नकार दिला, कारण न्यायाधीशांवर त्यांचा भरवसा नव्हता. दाद मागायला जागा उरली नाही की माणसं रस्त्यावर येतात. आणि सगळे बळी जमावानं घेतले असंही नाही. पुढे या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगानं हिशेब केला तेव्हा चारशेहून अधिक माणसं गोळीनं मेल्याचं निघालं. त्यातल्या बहुतेक गोळ्या पोलिसांच्या होत्या.

आता निरीक्षकांकडे येऊ. मोहीम मोठी असेल तर काही लोक सहा-सात आठवडे आधी येतात आणि दोघादोघांच्या जोडीनं जिल्ह्यांत राहतात. मतदार यादी, सभांना मिळणारी परवानगी, सरकारी गाड्यांचा वापर, टीव्हीवर कुणाला किती वेळ, हे सगळं ते टिपतात. मतदानाच्या दिवशी आणखी जोड्या येतात. एक जोडी दिवसभरात दहाएक केंद्रं पाहते, प्रत्येक ठिकाणी तोच ठरलेला फॉर्म भरते आणि शेवटच्या केंद्रावर मोजणी संपेपर्यंत थांबते. चूक दिसली तरी त्यांना हस्तक्षेप करता येत नाही, फक्त नोंद करता येते. आणि "मुक्त आणि न्याय्य" असा शिक्का गंभीर मोहिमा आता सहसा मारतच नाहीत. कोणत्या टप्प्यावर काय बिघडलं आणि त्यामुळे निकालावरचा विश्वास टिकतो का, हे त्या सांगतात.

२००७ मध्ये ही पद्धत कुठे उपयोगी पडली ते बघा. मोलो मतदारसंघात किबाकींना ५०,१४५ मतं पडल्याचं युरोपीय संघाच्या निरीक्षकांनी तिथे हजर राहून ऐकलं. राजधानी नैरोबीत निवडणूक आयोगानं त्याच मोलोचा आकडा वाचला तो ७५,२६१. एका मतदारसंघात पंचवीस हजारांचा फरक, म्हणजे किबाकींच्या एकूण मताधिक्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त! आणि मतदारसंघ होते २१०. पुढे या निवडणुकीची चौकशी करणाऱ्या क्रीगलर आयोगानं सगळं तपासून म्हटलं की गोंधळ इतका आहे की खरं कोण जिंकलं ते सांगताच येणार नाही. गैरप्रकार दोन्ही बाजूंच्या बालेकिल्ल्यांत झाले होते, जिथे समोरच्याचा एजंट टिकतच नव्हता.

मी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केलंय, त्यामुळे यातला कागद मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मतदान संपलं की किती मतं पडली याचा हिशेब फॉर्म १७सी वर भरून त्याची सही केलेली प्रत एजंटांना देतात, पण मोजणी नंतर दुसरीकडे होते. केनियात मोजणी केंद्रावरच होते आणि निकाल फॉर्म ३४ए वर लिहितात. एजंट सह्या करतात, एक प्रत दाराबाहेर चिकटवतात. मग मतदारसंघाची बेरीज ३४बी वर आणि देशाची ३४सी वर. त्यामुळे लबाडी करायची तर खालचा कागद आणि वरची बेरीज यांच्या मधल्या वाटेवर करावी लागते, आणि पकडायचीही तिथेच.

२०१७ मध्ये नेमकी हीच वाट अंधारात राहिली. ८ ऑगस्टला मतदान झालं आणि दोनच दिवसांनी निरीक्षकांची प्राथमिक निवेदनं आली. तेव्हा अंतिम निकालही लागला नव्हता. बेरीज अजून चालू आहे असं निवेदनांत लिहिलेलं होतं, पण बातम्यांत उरलं ते मतदान केंद्रांवरच्या कामाचं कौतुक. ११ तारखेला राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा ओडिंगांना हरवून पुन्हा विजयी घोषित झाले तेव्हा हजारो केंद्रांचे ३४ए फॉर्म आयोगानं लोकांसमोर ठेवलेलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयानं सर्व्हर तपासू द्यायला सांगितलं, तेही आयोगानं नीट पाळलं नाही. १ सप्टेंबरला चार विरुद्ध दोन मतांनी निवडणूक रद्द झाली. केन्याटा हरले होते, असं कोर्टानं म्हटलेलं नाही. प्रक्रिया घटनेप्रमाणे झाली नाही, असं म्हटलं. निरीक्षक केंद्रांबद्दल बोलत होते आणि कोर्ट बेरजेबद्दल. माझ्या मते निरीक्षकांनी इतक्या लवकर इतकं गोड बोलायला नको होतं, कारण त्यांच्या शब्दांचा आधार घेऊन विरोधकांना गप्प बसवलं गेलं, आणि त्याच दिवसांत किसुमूत आणि नैरोबीच्या झोपडपट्ट्यांत पोलिसांच्या गोळीबारात लोक मरत होते.

समांतर मोजणी हा एक उपाय आहे. स्थानिक निरीक्षक नमुन्यादाखल निवडलेल्या केंद्रांचे आकडे स्वतः गोळा करतात आणि अंदाज बांधतात. पण केंद्राच्या आतच पेट्या भरल्या असतील तर त्यात ते पकडलं जात नाही. निकाल अटीतटीचा असेल तर तेही पुरत नाही. २०२२ मध्ये ओडिंगांविरुद्ध विल्यम रुटो ५०.४९ टक्क्यांवर जिंकले आणि कायद्यानं निम्म्याहून जास्त मतं लागतात. नमुन्यात टक्का-दोन टक्के इकडेतिकडे होतातच, मग पन्नासची रेषा ओलांडली की नाही ते समांतर मोजणी कशी ठरवणार?

त्या वेळी आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी निकाल नाकारला होता. सगळं २००७ च्या वळणावर जाईल अशी भीती होती. पण या वेळी ३४ए फॉर्मचे फोटो आयोगाच्या संकेतस्थळावर होते आणि कुणालाही ते उतरवून बेरीज करता येत होती. ओडिंगा कोर्टात गेले. न्यायाधीशांच्या देखरेखीखाली फॉर्म ताडून पाहिले गेले आणि ५ सप्टेंबरला याचिका एकमतानं फेटाळली गेली. काही ठिकाणी निदर्शनं झाली, पण २००७ सारखं काही घडलं नाही.

तेव्हा यापुढे कुठल्याही देशाचा निरीक्षक अहवाल हातात आला तर आधी त्याची तारीख बघा, निकालाच्या आधीची की नंतरची. मग बेरजेच्या ठिकाणी निरीक्षकांना आत सोडलं होतं का, आणि केंद्रनिहाय आकडे जाहीर झाले का, ते शोधा. सविस्तर अंतिम अहवाल दोन-तीन महिन्यांनी येतो. तो फारसं कुणी वाचत नाही, पण तुम्ही तोच वाचा.