छोट्या कालमालिकेत चल सरासरी आणि एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग यांची तुलना

प्रश्न: आठ महिन्यांची मागणी अनुक्रमे ४०, ५२, ५०, ५४, ५१, ५५, ५३, ५२ अशी आहे. तीन महिन्यांच्या चल सरासरीची सरासरी निरपेक्ष चूक २.४७ आली आणि आल्फा ०.२ घेतलेल्या एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगची ७.११. पहिला अंदाज म्हणून पहिलेच निरीक्षण घेतले होते. मग चल सरासरी चांगली, असा निष्कर्ष लिहू का?

उत्तर:

तसा निष्कर्ष लिहू नये असे माझे मत आहे. तुमची आकडेमोड बरोबर आहे, परंतु या दोन संख्यांमधील बहुतेक अंतर पद्धतींमुळे नव्हे, तर सुरुवात आणि आल्फा यांच्या निवडीमुळे पडले आहे.

सर्वप्रथम, दोन्ही चुका एकाच कालावधीवर मोजलेल्या नाहीत. तीन महिन्यांच्या चल सरासरीचा पहिला अंदाज चौथ्या महिन्यासाठी मिळतो, त्यामुळे तिच्या चुका पाचच आहेत. स्मूदिंगच्या मात्र तुम्ही दुसऱ्या महिन्यापासूनच्या सात चुका धरल्या आहेत, आणि त्यांत पहिलीच १२ ची आहे. चौथ्या ते आठव्या महिन्यापुरतेच पाहिले तर ७.११ ची चूक ६.०४ वर येते. तरीही अंतर मोठेच राहते, आणि त्याचे कारण सुरुवातीच्या मूल्यात आहे.

स्मूदिंगमध्ये नवा अंदाज म्हणजे जुना अंदाज अधिक आल्फा गुणिले मागील चूक. ही साखळी मागे उलगडत नेली की नवव्या महिन्याच्या अंदाजात ४० या आरंभमूल्याला 0.8^7, म्हणजे सुमारे ०.२१ इतका भार मिळतो, तर आठव्या महिन्याच्या ताज्या निरीक्षणाला ०.२० मिळतो. नव्या माहितीला अधिक महत्त्व द्यावे म्हणून जी पद्धत निवडली, तिच्यात सर्वांत जुने निरीक्षण सर्वांत नव्यापेक्षा जड ठरले. लांब मालिकेत हा भार विरून जातो. आठ निरीक्षणांत त्याला तेवढा अवधीच मिळत नाही. याची खूण तुमच्या तक्त्यातही दिसेल: प्रत्यक्षातून अंदाज वजा केल्यास सातही चुका धन येतात. चुकांची चिन्हे अशी एकाच बाजूला राहिली, तर अंदाज सातत्याने खाली राहत आहे असे समजावे आणि सरासरी चुकेचा आकडा पाहण्याआधी कारण शोधावे.

म्हणून आरंभ बदलून पाहू. पहिल्या तीन निरीक्षणांची सरासरी ४७.३३ हा चौथ्या महिन्याचा अंदाज माना. चल सरासरीचाही पहिला अंदाज हाच असल्यामुळे दोन्ही पद्धती एकाच जागेवरून निघतात. आल्फा ०.२ ठेवल्यास पाच महिन्यांची सरासरी चूक ३.७४ येते, म्हणजे केवळ आरंभ बदलल्याने ६.०४ पासून इतकी उतरते.

उरलेले अंतर आल्फामुळे आहे. चल सरासरीतील माहितीचे सरासरी वय आणि स्मूदिंगमधील सरासरी वय समान ठेवायचे असेल, तर α = 2/(n+1) हा संबंध वापरतात. आल्फा ०.२ म्हणजे नऊ महिन्यांच्या चल सरासरीइतकी संथ पद्धत, आणि तुमची संपूर्ण मालिकाच आठ महिन्यांची आहे. तीन महिन्यांशी जुळणारा आल्फा ०.५ आहे. तो घेऊन वरील आरंभापासून अंदाज काढले, तर ते ४७.३३, ५०.६७, ५०.८३, ५२.९२ आणि ५२.९६ येतात. त्यांची सरासरी चूक २.४४ आहे, चल सरासरीची २.४७. नवव्या महिन्यासाठी चल सरासरी ५३.३३ सांगते, स्मूदिंग ५२.४८.

आता २.४४ कमी म्हणून स्मूदिंगला विजयी ठरवू नका. चल सरासरीच्या पाच चुकांची बेरीज १२.३३ आहे आणि त्यांतील ६.६७ एकट्या चौथ्या महिन्याची आहे. दुसऱ्या पद्धतीतही हीच चूक निम्म्याहून अधिक आहे. असा एक महिना संपूर्ण निकाल हलवू शकत असताना ०.०३ च्या फरकाला अर्थ देता येत नाही. याच कारणास्तव चूक किमान करणारा आल्फा सॉल्व्हरने शोधून तो दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिणेही मला पटत नाही. ०.३, ०.५, ०.७ असे काही आल्फा घेऊन अंतिम अंदाज किती हलतो ते दाखवणे अधिक प्रामाणिक ठरेल.

एक्सेलमधील तयार साधन वापरणार असाल, तर तेथे Damping factor विचारला जातो आणि तो १ वजा आल्फा असतो. ०.५ ला फरक पडत नाही, परंतु ०.२ चा आल्फा हवा असताना तेथे 0.2 लिहिले, तर प्रत्यक्षात ०.८ लागू होतो.

अहवालात मी असे लिहीन: समान कालावधी, समान आरंभ आणि जुळणारा आल्फा घेतल्यास दोन्ही पद्धतींची अचूकता या मालिकेत वेगळी ओळखता येत नाही, आणि नवव्या महिन्याचा अंदाज सुमारे ५२ ते ५३ आहे. दहाव्या-अकराव्या महिन्यासाठीही दोन्ही पद्धती हाच आकडा पुढे नेतात, म्हणून दुसऱ्या महिन्यानंतर मागणीत स्पष्ट चढ किंवा उतार दिसत नाही, हे गृहीतकही त्याच परिच्छेदात नोंदवा.