आधी लिहून ठेवलंय का?

प्रश्न: वाढदिवसाला वर्षभराचे बारा टॅरो पत्ते काढलेत, महिन्याला एक. वर्ष संपल्यावर ते पडताळायचे कसे? आणि पत्ते गोल मांडायचे की ओळीत?

मांडा कसेही. महिना मात्र वाढदिवसाच्या तारखेपासून मोजा. माझा २० नोव्हेंबर, म्हणजे पहिला पत्ता १९ डिसेंबरपर्यंत. इथे ढिलाई केली की पुढे सगळं सोयीनं सरकवता येतं.

आमच्या घरात वाद पेटला तो आठव्या पत्त्यावरून, २० जून ते १९ जुलै. आला टॉवर. वीज पडलेला बुरूज, मुकुट उडालेला, दोन माणसं खाली कोसळतायत. त्याच दिवशी मी वहीत लिहिलं: 'ऑफिसात अचानक काहीतरी मोडेल, बहुधा आमची टीम.' जुलैत टीम जागेवर होती, पण बेडरूमच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पापुद्रे सुटले. मोठ्या जाऊबाई खूश. "बघ, भिंत फुगली! टॉवरच तो!" अहो, कोथरूडमधली आमची जुनी इमारत, वर गच्ची. ओल दर पावसाळ्यात येते, तिला पत्त्याची गरज नाही. मी 'लागलं नाही' असं लिहिलं. त्यांचं म्हणणं, आधी लिहिलं की अंतःप्रेरणा मरते. माझं म्हणणं, न लिहिता केलेलं भाकीत कधी चुकतच नाही, म्हणून तर ते आवडतं.

तेव्हा पत्ता काढल्या दिवशीच दोन ओळी लिहा: काय होईल, आणि काय झालं तर हा पत्ता चुकला म्हणायचं. उलटे पत्ते धरायचे की नाही, तेही पिसण्याआधी ठरवा. महिना संपला की पत्ता न बघता आधी घडलेलं लिहून काढा, मग वही उघडा. उलट क्रमानं केलं तर आठवणी पत्त्याच्या मागे धावतात.

वर्षअखेरीस बारा महिन्यांच्या नोंदी महिन्याचं नाव न घालता चिठ्ठ्यांवर उतरवा. पावसाचा, गणपतीचा, दिवाळीचा उल्लेखही खोडा, नाहीतर महिना ओळखू येतो. तुमचं वर्ष माहीत नसलेल्या, पण पत्ते वाचता येणाऱ्या मैत्रिणीला चिठ्ठ्या आणि क्रम मोडलेले पत्ते देऊन जोड्या लावायला सांगा. नुसत्या नशिबानं सरासरी एक जोडी जुळतेच. त्यामुळे एक-दोन जुळल्या म्हणून पेढे वाटू नका. माझी एक जुळली. जाऊबाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बघ, जुळली ना!"

'यंदा मेजर फार आले' म्हणून घाबरू नका. ७८ पत्त्यांत २२ मेजर, म्हणजे टॉवरसारखे मोठे पत्ते, असतात, बारात तीन-चार येणं अगदी साधं.

हां, एका वर्षावरून पत्ते खरे की खोटे हे ठरत नाही. आणि दर महिन्याला थोडा विचार व्हावा एवढ्यासाठीच काढत असाल, तर हा सगळा खटाटोप नको. पण मग 'खरं ठरलं' असंही कुणाला सांगू नका. जाऊबाईंनाही मी हेच म्हणते.