सतार विमानात: सीट घ्यावी की पेटीत द्यावी?

भाऊ, जळगावहून रेल्वेने मुंबई आणि पुढे विमानाने दिल्ली, हा बेत ठीक. सतारीला वेगळी सीट घ्यायची तर आधी विमान कंपनीला फोन कर; नुसतं दुसरं तिकीट काढून भागत नाही. चार फुटांचं वाद्य तिथे बसतं का, पट्ट्याने बांधता येतं का, हे ते ठरवतात. जागा बहुधा खिडकीची देतात.

सतार जुनी, दुरुस्त केलेली असेल तर मी सीटच घेईन. नवीन असेल तर फायबरच्या पेटीत घालून सामानात दिली तरी पुरे, पण पेटी आतून नीट भरलेली हवी. मोडतं ते बहुतेक गुलूपाशी, म्हणजे दांडी आणि भोपळा जिथे जुळतात तिथे. म्हणून दांडीखाली घडी केलेली चादर दे, खुंट्यांच्या टोकाला मोकळी जागा ठेव. तारा सुमारे दोन स्वर उतरव. पूर्ण सैल केल्यास तारांखालची घोडी सरकते. वरचा तुंबा, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाचा छोटा भोपळा, असेल तर काढून वेगळा गुंडाळ.

माझी सतार एकदा वरून ठणठणीत दिसली, घरी जुळवताना गुलूत चीर सापडली. तोवर तक्रारीला पुरावाच उरला नव्हता. विमानतळावर पेटी सामानाच्या फिरत्या पट्ट्यावरून उचलली की तिथेच उघड, गुलूवरून बोट फिरव, आणि काही दिसलं तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार दे.