अंपायर्स कॉल : निर्णय की कौल?

*«रिव्ह्यूमध्ये चेंडू यष्टीला लागताना स्पष्ट दिसतो आणि तरी 'अंपायर्स कॉल' म्हणून फलंदाज नाबाद! बातम्यांत याला 'पंचांचा निर्णय' लिहितात. पण निर्णय तर तिसरे पंच देत होते ना? मग हा शब्द नेमका कशासाठी आहे?»*

'पंचांचा निर्णय' या भाषांतरातच घोळ आहे. ते वाचून वाटतं की मामला पुन्हा मैदानावरच्या पंचांकडे गेला आणि त्यांनी आता काहीतरी ठरवलं. प्रत्यक्षात ते नव्याने काहीच ठरवत नाहीत. अपील झाल्यावर त्यांनी जो कॉल दिला होता, तो फिरवण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढाच 'अंपायर्स कॉल'चा अर्थ. रिव्ह्यू घेणं म्हणजे दिलेल्या निर्णयाविरुद्ध दाद मागणं. त्यामुळे मूळ निर्णयाचं पारडं आधीपासूनच थोडं जड असतं.

हा शब्द पायचीतच्या रिव्ह्यूपुरताच आहे. तिसरे पंच आधी नो-बॉल पाहतात, मग चेंडू बॅटला लागला का ते पाहतात आणि त्यानंतर बॉल ट्रॅकिंगकडे वळतात. तिथे तीन प्रश्न असतात: टप्पा कुठे पडला, पॅडला लागला तेव्हा चेंडू यष्ट्यांच्या रेषेत होता का, आणि पुढे तो यष्ट्यांवर गेला असता का. टप्प्याच्या बाबतीत 'अंपायर्स कॉल' नसतोच. लेग स्टंपबाहेर पडला की विषय संपला. उरलेल्या दोन प्रश्नांत मात्र तो येतो.

मोजमाप अर्ध्या चेंडूचं आहे. चेंडूचा व्यास साधारण 7.2 सेंटीमीटर, म्हणजे अर्धा चेंडू 3.6. समजा, उजव्या हाताच्या फलंदाजाला टाकलेला चेंडू ऑफ स्टंपबाहेर पडून आत आला आणि मधल्या यष्टीसमोर पॅडवर आदळला. पहिल्या दोन प्रश्नांत शंका नाही. पुढचा मार्ग काढल्यावर दिसलं की चेंडूचा फक्त 3 सेंटीमीटर भाग लेग स्टंपवर येतोय, बाकीचा बाहेरून जातोय. अर्ध्यापेक्षा कमी, म्हणून 'अंपायर्स कॉल'. पंचांनी नाबाद दिलं असेल आणि क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने रिव्ह्यू घेतला असेल, तर फलंदाज नाबादच राहतो. त्याच चेंडूवर पंचांनी बोट वर केलं असेल आणि फलंदाजाने दाद मागितली असेल, तर तो बादच. हाच चेंडू 4 सेंटीमीटर आत असता, तर नाबादचा निर्णय फिरून बाद झाला असता. उलट, बादचा निर्णय फिरवायला चेंडू यष्ट्यांना पूर्ण चुकवायला हवा. निसटता लागला तरी बाद कायम.

एकाच चेंडूला दोन निकाल, हे प्रेक्षकाला खुपतं आणि ते खुपणं मला समजतं. पण पडद्यावर दिसणारा चेंडूचा सगळा प्रवास कॅमेऱ्यांनी पाहिलेला नसतो. पॅडपर्यंतचा मार्ग टिपलेला असतो, पॅडपासून यष्ट्यांपर्यंतचा गणिताने काढलेला असतो. टप्पा पडून लगेच पॅडला लागलेल्या चेंडूचा टप्प्यानंतरचा मार्ग फारच थोडा मिळतो, आणि तेवढ्यावरून पुढचं सांगायचं म्हणजे चूक होण्याची शक्यता वाढते. 'लागताना दिसतो' म्हणण्याऐवजी 'लागला असता असा अंदाज आहे' म्हटलं, तर अर्धी नाराजी कमी होईल असं मला खरंच वाटतं. काठावरच्या अंदाजावर माणसाचा निर्णय फिरवायचा नाही, म्हणून ही फट ठेवली आहे.

फटीची रुंदी मात्र बदलत आली आहे. 2021 मध्ये यष्ट्यांच्या उंचीची मर्यादा बेल्सच्या वरच्या कडेपर्यंत नेली. त्याआधी ती खालच्या कडेपर्यंत होती. 2017 पासून 'अंपायर्स कॉल' आला तर रिव्ह्यू वाया जात नाही. हेही शब्दाच्या अर्थाला धरूनच आहे: दाद मागणारा चुकीचा ठरलेला नसतो, फक्त त्याची बाजू पुरेशी सिद्ध झालेली नसते.

आता मराठी शब्द. मला 'कौल' आवडतो. 'नाणेफेकीचा कौल' आपण लिहितोच. कॉल आणि कौल यांच्या उच्चारातलं साम्य योगायोगाचं. कौल अरबीतून आला, मूळ अर्थ बोललेला शब्द, वचन. पंचांनी आधी दिलेला शब्द मोडला नाही, हे त्यात नेमकं बसतं. पण नुसतं 'पंचांचा कौल' लिहिलं तर जुनाच घोळ राहील, कारण तो आत्ता दिला असंही वाटू शकतं. म्हणून मी 'मैदानी पंचांचा कौल कायम' असं लिहीन, आणि पुढे बाद की नाबाद तेही.