शटर बंद, कॅप्शन मात्र बोलकं

प्रश्न: म्हापशात आमची खानावळ सुरू होतेय. चवथ झाली की जाहीर करणार. त्याआधी बंद शटरचा फोटो टाकायचा आहे. बातमी न फोडता लोकांना कोड्यात पाडणारं कॅप्शन कसं लिहू?

फोटो आणि कॅप्शन एकाच दिशेला बोट दाखवू लागले की बातमी तिथेच फुटते. बंद शटर पाहून दुकानासारखं काहीतरी उघडतंय हे कुणालाही कळणार. त्याखाली ‘बांगड्याचं हुमण कुणाकुणाला आवडतं?’ असं लिहिलंत, की खानावळच जाहीर झाली. म्हणून जागा फोटोला सांगू द्या आणि कॅप्शनमध्ये खाण्याचं नाव काढू नका.

दुसऱ्या टोकाला ‘लवकरच काहीतरी खास येतंय’ आहे. हे सलूनवालाही लिहितो आणि मोबाईलच्या दुकानवालाही, त्यामुळे तर्क करायला हाताशी काहीच लागत नाही. एक खरी, बारीक गोष्ट द्या आणि तिचा एकच धागा सुटा ठेवा. समजा, शटरच्या चाव्या तीन आहेत आणि तिसरी रांधणाऱ्या मावशीकडे असेल. मग असं लिहिता येईल:

‘ह्या शटरच्या चाव्या तीन. एक आईकडे, एक माझ्याकडे. तिसरी कुणाकडे, ते चवथ झाल्यावर सोमवारी सांगते.’

आता लोक बातमीचा नव्हे, तिसऱ्या माणसाचा अंदाज बांधत बसतील. वारही दिलाय, म्हणून सोमवारी परत येतील. मात्र सोमवारच्या पोस्टची सुरुवात मावशीपासूनच करा. आधी पत्ता आणि मेनू टाकलात तर विचारलेलं कोडं तसंच लोंबकळत राहतं आणि लोकांना फसवल्यासारखं वाटतं.

‘आम्ही दोघं’, ‘नवा पाहुणा’, ‘नवी सुरुवात’ हे शब्द टाळा. आपल्याकडे त्यांचा अर्थ लग्न नाहीतर बाळ असाच लावतात, आणि खरी बातमी आली की ‘एवढंच होय?’ ऐकावं लागतं.

इन्स्टाग्रामवर फीडमध्ये कॅप्शनचा सुरुवातीचा भागच दिसतो, साधारण 125 अक्षरं. पुढचं उघडावं लागतं. म्हणून तिसरी चावी पहिल्या दोन ओळींतच येऊ द्या. लोकेशन, पेंटरचा टॅग आणि खाण्याचे हॅशटॅग नकोत. फोटो मोठा करून पाहा: अर्धवट रंगवलेला बोर्ड किंवा कोपऱ्यातला गॅस सिलिंडर सगळं सांगून टाकतो.

बहुतेक वेळा बातमी फुटते ती कॉमेंटमध्ये. ‘अभिनंदन गो, खानावळ कधी उघडता?’ असं कुणी काकी प्रेमाने लिहितेच. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आदल्या रात्रीच सांगून ठेवा. शिवाय इन्स्टाग्रामच्या सेटिंगमधल्या Hidden Words मध्ये ‘खानावळ’, ‘हॉटेल’, ‘जेवण’ हे शब्द घाला, म्हणजे तसल्या कॉमेंट लपतील. रोमन लिपीतली स्पेलिंगंही घाला, काकी तशीच लिहिते. आणि टीझर चार-पाच दिवसच आधी टाका. महिनाभर आधी टाकलात तर सोमवार येईपर्यंत चाव्या कुणाच्या लक्षातही राहणार नाहीत.