मायनस आलं म्हणून खोडू नका: दोन लूपचं एक गणित

प्रश्न: मी नांदेडला इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी सर्किट अ‍ॅनालिसिसच्या स्लाइड्स पाठवल्यात. नोडचा नियम, लूपचा नियम दोन्ही पाठ आहेत, पण गणिताला बसलो की चिन्हं चुकतात आणि उत्तर मायनसमध्ये येतं. दोन लूपचं एखादं सोपं गणित सोडवून दाखवाल का?

उत्तर:

लातूरच्या एका पॉलिटेक्निकात मी अकरा वर्षं हाच विषय शिकवला. पेपर तपासताना सगळ्यात जास्त खाडाखोड याच गणितात दिसायची, आणि गंमत म्हणजे खोडलेलं उत्तर बऱ्याचदा बरोबर असायचं. मायनस दिसला की पोरं घाबरतात, मधेच बाण उलटा करतात आणि मग खरंच चुकतात. म्हणून मुद्दाम मायनस येणारंच गणित घेतो.

कागद घ्या. वर एक आडवी रेघ, खाली एक आडवी रेघ. दोन्हींना जोडणाऱ्या तीन उभ्या फांद्या काढा. डाव्या फांदीत १२ व्होल्टची बॅटरी आणि तिच्या वर २ ओहमचा रेझिस्टर. उजव्या फांदीत ६ व्होल्टची बॅटरी आणि तिच्याही वर २ ओहम. मधल्या फांदीत नुसता ८ ओहम. दोन्ही बॅटऱ्यांचं प्लस टोक वरच्या बाजूला. वरच्या अख्ख्या रेघेला A म्हणा, खालच्या अख्ख्या रेघेला B. रेघ कितीही लांब काढली, तिला कोपरे आले, तरी नोड एकच, कारण मधे रेझिस्टर नाही की बॅटरी नाही. कोपरे मोजून चार-सहा नोड सांगणारे दर वर्षी भेटायचे.

आता बाण. डावीकडून वर A कडे जाणारा करंट `I1`, उजवीकडून वर A कडे जाणारा `I2`, आणि A वरून मधल्या फांदीत खाली उतरणारा `I3`. खरा करंट तसाच वाहतो का, हे आत्ता आपल्याला ठाऊक नाही आणि त्याची गरजही नाही. बाण म्हणजे आपण ठरवलेली मोजायची दिशा. एकदा काढला की गणित संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

स्लाइडवर नोडचा नियम ‘करंटची बैजिक बेरीज शून्य’ असा लिहिलेला असणार. साध्या भाषेत, जोडावर जेवढा येतो तेवढाच निघून जातो. शेतात ठिबकच्या नळीला टी बसवला की एका तोंडातून येणारं पाणी बाकीच्या दोन तोंडांतून जातं, टीमध्ये साचत नाही. तारेच्या जोडावर विद्युतभारही तसाच साचत नाही. आपल्या A वर दोन बाण आत येतात, एक बाहेर जातो:

```
I1 + I2 = I3
```

हेच B वर लिहून पाहिलंत तर तेच समीकरण उलटं होऊन परत येईल. त्यातून नवीन काही मिळत नाही, म्हणून दोन नोड असले की नोडचं समीकरण एकच घ्यायचं.

लूपच्या नियमासाठी घाट आठवा. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून वर गेलात आणि कुठल्याही रस्त्याने फिरून परत बीडलाच आलात, तर जेवढं चढलात तेवढंच उतरलेलं असणार. सर्किटमध्ये उंचीच्या जागी व्होल्टेज. एका बिंदूपासून निघून फिरून तिथेच आलात की चढ-उताराची बेरीज शून्य.

चिन्हं चुकतात ती इथेच, म्हणून जरा थांबू. चालताना वाटेत दोनच प्रकारच्या वस्तू भेटतात आणि दोघींचा हिशोब वेगवेगळा आहे. बॅटरीत फक्त एवढंच बघायचं की आपण मायनसमधून शिरून प्लसमधून निघालो का. निघालो तर चढ, उलटं असेल तर उतार. करंटचा बाण कुठे आहे हे बॅटरीपाशी विचारायचंच नाही. रेझिस्टरचं याच्या उलट: त्याला स्वतःचं प्लस-मायनस नसतं, त्याचा चढ-उतार फक्त बाण ठरवतो. बाणाबरोबर चाललात तर उतार, बाणाच्या विरुद्ध चाललात तर चढ. विद्यार्थी काय करतात, तर बॅटरीलाही बाण लावतात आणि ‘करंट इकडून आला म्हणजे हे प्लस’ असं म्हणून ६ व्होल्टचं चिन्ह फिरवतात. तुमच्या वहीत चूक शोधायची असेल तर आधी हीच शोधा. दुसरी अडचण अशी की काही स्लाइड्समध्ये उताराला प्लस धरतात, काहींत चढाला. दोन्ही चालतं, पण एका गणितात दोन पद्धती नकोत. मी चढ प्लस धरतो.

डावा लूप: B वरून निघा, १२ व्होल्ट चढा, २ ओहममधून `I1` बरोबर उतरा, A वर पोचा, मग ८ ओहममधून `I3` बरोबर खाली B वर या. उजवा लूपही तसाच: B वरून ६ व्होल्ट चढा, २ ओहममधून उतरा, ८ ओहममधून खाली. (हा लूप आपण घड्याळाच्या उलट फिरलो. बिघडत नाही. घड्याळाच्या दिशेनेच फिरायचं असा नियम नाही, ती केवळ सवय.)

```
12 - 2*I1 - 8*I3 = 0
 6 - 2*I2 - 8*I3 = 0
```

`I3` च्या जागी `I1 + I2` टाका:

```
10*I1 +  8*I2 = 12
 8*I1 + 10*I2 =  6
```

पहिल्याला ५ ने, दुसऱ्याला ४ ने गुणून वजाबाकी केली की `18*I1 = 36`, म्हणजे `I1 = 2`. ते वर टाकलं की `I2 = -1`, आणि `I3 = 1`.

हाच तो मायनस. त्याचा अर्थ एवढाच की उजव्या फांदीत १ अँपिअर करंट आहे, पण आपल्या बाणाच्या उलट. तो A वरून खाली उतरतोय, म्हणजे ६ व्होल्टच्या बॅटरीच्या प्लसमध्ये शिरतोय. ती बॅटरी करंट देत नाही, घेते. चार्ज होते. आता कारण पाहा: मधल्या ८ ओहममध्ये १ अँपिअर आहे, म्हणजे A हा B पेक्षा ८ व्होल्ट वर आहे. ६ व्होल्टची बॅटरी ८ व्होल्टच्या जागी करंट ढकलणार कशी? ट्रॅक्टरच्या उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या चांगल्या बॅटरीच्या केबली लावतो, तेव्हा उतरलेलीत करंट शिरतो तो याच कारणाने. मायनस खोडून `I2 = 1` लिहिलंत तर A वर ३ अँपिअर आत येतील आणि १ बाहेर जाईल. नोडचा नियमच मोडला.

उत्तर बरोबर आहे का, हे पुस्तकाच्या मागे न बघता कळतं. पॉवरचा हिशोब करा. १२ व्होल्टची बॅटरी २ अँपिअर देते, म्हणजे २४ वॅट. डावा २ ओहम ८ वॅट खातो, उजवा २ ओहम २ वॅट, मधला ८ ओहम ८ वॅट, आणि ६ व्होल्टची बॅटरी ६ वॅट घेते. बेरीज २४. चिन्ह चुकलं असेल तर हा हिशोब सहसा जुळत नाही. परीक्षेत एक मिनिट लागतं.

बाहेरून मोठा तिसरा लूप दिसतो, त्याचं काय? `12 - 2*I1 + 2*I2 - 6 = 0`. हे समीकरण खरं आहे, पण पहिल्यातून दुसरं वजा केलं की हेच मिळतं. नोडचं समीकरण सोडून तिन्ही लूप घेऊन बसलात तर शेवटी ० = ० येतं आणि वाटतं की गणितच चुकीचं छापलंय. खिडकीला जेवढी तावदानं, तेवढेच लूप घ्या. इथे दोन.

खरं तर या सर्किटला लूपची गरजही नव्हती. A चं व्होल्टेज `V` धरा आणि नोडचा नियमच ओहमच्या नियमाने लिहा:

```
(12 - V)/2 + (6 - V)/2 = V/8
```

८ ने गुणलं की `72 = 9*V`, म्हणजे `V = 8`. एकच समीकरण. स्लाइड्समध्ये या दोन पद्धती वेगवेगळ्या प्रकरणांत असल्यामुळे मुलांना दोन विषय वाटतात. B धरून नोड दोनच असतील आणि तावदानं जास्त, तर मी नोडनेच सोडवतो.

एक गोष्ट मात्र स्लाइडवर सापडणार नाही. हेच सर्किट मी पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला दिलं. मोठे करंट नकोत म्हणून सगळे रेझिस्टर शंभरपट केले: २००, २०० आणि मधे चार २०० एकापुढे एक जोडून ८००. व्होल्टेज तेच राहतात, करंट २०, १० आणि १० मिलिअँपिअर होतात. बॅटऱ्यांच्या जागी लॅबचे डीसी सप्लाय लावले. A वर ८ व्होल्ट यायला हवे होते, अख्ख्या बॅचला जवळजवळ ९.६ आले. दुपारभर मी पोरांना ब्रेडबोर्डच्या तारा तपासायला लावल्या. दोष तारांचा नव्हता, माझा होता. लॅबचा साधा रेग्युलेटेड सप्लाय करंट देतो, पण बॅटरीसारखा आत घेत नाही. ६ व्होल्टच्या सप्लायने उलटा करंट अडवला, उजवी फांदी जणू तुटली, आणि उरलेल्या १००० ओहममधून १२ मिलिअँपिअर वाहिले. ८०० वर त्याचे ९.६ व्होल्ट होतात. ओळखायची खूण सप्लायच्या मीटरवरच असते: ६ वर ठेवलेला काटा ९.६ च्या आसपास चढलेला दिसतो.

यावर उपाय म्हणजे ६ व्होल्टच्या सप्लायच्या दोन टोकांवर ४७० ओहमचा एक रेझिस्टर आडवा लावायचा. तो स्वतः १२.८ मिलिअँपिअर मागतो, त्यातले १० आपल्या सर्किटमधून उलटे आलेले, उरलेले २.८ सप्लाय देतो. सप्लाय देतच राहतो, म्हणून ६ व्होल्टही टिकून राहतात आणि A वर ८ येतात. फक्त तो रेझिस्टर सप्लायच्या टोकांवरच लावा. चुकून A आणि B मधे लावलात तर तो ८०० ला समांतर होतो आणि गणितच बदलतं.