व्ही-खाचेचा अर्धा कोन: निम्मी रुंदी बरोबर, पण खोली कुठपर्यंतची?

प्रश्न: लोखंडी ठोकळ्यातल्या व्ही-खाचेची वरची रुंदी 24 मिमी आणि खोली 20 मिमी भरली. अर्धा कोन काढायला टॅन घ्यायचा की साइन? आणि 24 घ्यायचे की 12?

उत्तर:

टॅन घ्यावा, आणि 12 घ्यावेत. खाचेच्या बुडातून सरळ वर एक उभी रेषा काढली की खाचेचे दोन काटकोन त्रिकोण होतात. त्यांतल्या एकाची उभी बाजू म्हणजे खोली, आडवी बाजू म्हणजे निम्मी रुंदी, आणि बुडाशी जो कोन राहतो तोच आपला अर्धा कोन. त्या कोनासमोरची बाजू 12 आणि लगतची बाजू 20 आहे, म्हणून:

```
tan A = 12 / 20 = 0.6
A = 30.96°
2A = 61.93°
```

साइन तेव्हा लागला असता, जेव्हा खोलीऐवजी तिरक्या भिंतीची लांबी मोजलेली असती. ती इथे सुमारे 23.32 मिमी येते आणि 12 भागिले 23.32 केल्यास साइनवरूनही हाच कोन मिळतो. पूर्ण 24 घेऊन आलेला कोन शेवटी निम्मा करू, हा विचार मात्र चुकीचा आहे. 24 भागिले 20 म्हणजे 1.2, त्याचा कोन 50.19 अंश आणि त्याचा निम्मा 25.1 अंश, म्हणजे जवळजवळ सहा अंशांची चूक. टॅनची किंमत निम्मी केली म्हणजे कोन निम्मा होत नाही, एवढे लक्षात असले की ही गफलत होत नाही. कॅल्क्युलेटरवर 0.54 असे उत्तर दिसले तर तो रेडियनवर आहे असे समजावे. तसेच 30.96 अंश म्हणजे 30 अंश 96 मिनिटे नव्हेत, तर सुमारे 30 अंश 58 मिनिटे. बेव्हल प्रोट्रॅक्टर लावताना ही चूक मी जाणत्या माणसांकडूनही झालेली पाहिली आहे.

गणित एवढेच आहे. तरीही आपले आकडे पाहून मला एक शंका येते. 61.93 अंशांची खाच मुद्दाम कोणी कापत नाही. कारखान्यात 60 अंशांचे टूल नेहमी हाताशी असते, तेव्हा आपली खाचही मुळात 60 चीच असावी आणि कोन नव्हे, तर खोली मोजण्यात फरक पडला असावा, असे मला वाटते.

वरचे सूत्र गृहीत धरते की दोन्ही भिंती खाली एका धारदार रेषेत मिळतात. प्रत्यक्षात टूलचे टोक तसे कधीच नसते, त्याला थोडी गोलाई दिलेली असते आणि तीच गोलाई खाचेच्या बुडाशी उतरते. व्हर्निअरची खोली मोजणारी पट्टी त्या गोलाईवर टेकते, भिंती जिथे मिळाल्या असत्या त्या काल्पनिक बिंदूपर्यंत ती पोहोचतच नाही. गोलाईची त्रिज्या r धरली, तर खोली किती कमी भरते ते असे काढता येते:

```
r × (1/sin A − 1)
```

60 अंशांच्या खाचेत अर्ध्या कोनाचा साइन 0.5 असल्यामुळे कंसातली किंमत नेमकी 1 येते, म्हणजे खोली बरोबर त्रिज्येइतकी कमी भरते. आता आपला ठोकळा घेऊ. वरची रुंदी 24 आणि अर्धा कोन 30 धरल्यास धारदार बुडापर्यंतची खोली 12 भागिले 0.5774, म्हणजे 20.78 मिमी असायला हवी. आपल्याला 20 भरली. फरक 0.78 मिमीचा आहे, आणि कार्बाइडच्या इन्सर्टला टोकाशी 0.8 मिमीची गोलाई असणे अगदी नेहमीचे आहे. हा योगायोगही असू शकेल, पण आकडे इतके जुळल्यावर मी तरी ठोकळा तपासल्याशिवाय 30.96 हा आकडा वहीत उतरवणार नाही.

हा मुद्दा मी चुकून शिकलो आहे. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या बाजूला आमचे लेथचे दुकान आहे, आणि आमच्याकडे येणारे बहुतेक काम मच्छीमार बोटींचे असते. काम शिकू लागल्याच्या पहिल्याच वर्षी एक तांडेल पाणी उपसण्याच्या पंपाची पुली घेऊन आला. खाऱ्या पाण्याने तिची कड खाल्ली होती आणि तशीच नवी करून द्यायची होती. मी खाचेची वरची रुंदी 16.6 आणि खोली 15 मोजली, 8.3 भागिले 15 केले आणि 29 अंश हा अर्धा कोन धरून, बुडाशी टोकदार अशी खाच कापली. पट्टा चढवला तर तो खाचेबाहेर सुमारे 4 मिमी वर उभा राहिला. त्याच्या भिंती कुठेच नीट टेकत नव्हत्या, फक्त खालच्या दोन कडांवर तो तोलून होता. पंप सुरू केल्यावर पट्टा घसरू लागला, आणि थोड्याच वेळात जळक्या रबराचा वास साऱ्या दुकानात भरला. तांडेल काही बोलला नाही. जुनी पुली उचलून त्याने खाचेच्या बुडावर बोट फिरवले आणि ती माझ्यापुढे धरली. बूड सपाट होते, 7.4 मिमी रुंद. पट्ट्याच्या पुलीत खाचेचे बूड मुद्दाम मोकळे ठेवतात, पट्ट्याने तिथे टेकायचे नसते. अशा खाचेत वरच्या रुंदीतून बुडाची रुंदी वजा करावी लागते:

```
tan A = (16.6 − 7.4) / (2 × 15) = 0.307
A = 17°
```

पूर्ण कोन 34 अंश. लहान पुलीला पुष्कळदा हाच असतो. मी कापलेली खाच 58 अंशांची होती. म्हणून खाच हातात आली की प्रथम बुडाकडे पाहावे: ते सपाट आहे, गोल आहे की धारदार. सपाट असेल आणि त्याची रुंदी मोजता येत असेल तर वरचे सूत्र पुरते. गोल असेल तर रुंदी मोजायला धडशी कडच सापडत नाही, आणि तिथे रोलर वापरणे उत्तम.

आपल्या ठोकळ्यासाठी मी दोन रोलर घेईन, एक 10 मिमी व्यासाचा आणि दुसरा 20 मिमी व्यासाचा. जुन्या रोलर बेअरिंगमधले न झिजलेले रोलर यासाठी फार चांगले, कारण ते मापाला पक्के असतात. ड्रिलची दांडी घेतल्यास ती लिहिलेल्या मापापेक्षा किंचित बारीक असू शकते, म्हणून मायक्रोमीटरने मोजूनच घ्यावी. आधी वरच्या पृष्ठभागावरची बर कानशीने काढावी, नाहीतर व्हर्निअरचा पाया डुलतो. मग लहान रोलर खाचेत आडवा ठेवून त्याचा माथा पृष्ठभागापासून किती खाली आहे ते मोजावे. तो काढून मोठा रोलर ठेवावा आणि त्याचा माथा पृष्ठभागाच्या किती वर येतो ते मोजावे. दोन मापांची बेरीज म्हणजे दोन माथ्यांच्या उंचीतला फरक. त्याला H म्हणू. त्रिज्यांतला फरक इथे 10 वजा 5, म्हणजे 5 मिमी आहे.

```
sin A = 5 / (H − 5)
```

रोलर भिंतीला टेकतो त्या ठिकाणी त्याची त्रिज्या भिंतीशी काटकोनात असते, म्हणून इथे टॅन नाही, साइन येतो. तेव्हा आपल्या प्रश्नातला साइन अगदीच अनाठायी नव्हता. खाच खरोखर 60 अंशांची आणि 24 मिमी रुंद असेल तर लहान रोलर 5.78 मिमी खाली बसेल, मोठा 9.22 मिमी वर राहील आणि H बरोबर 15.00 भरेल. उलट अर्धा कोन खरोखरच 30.96 असेल तर H सुमारे 14.72 येईल. हा पाव मिलिमीटरहून अधिकचा फरक साध्या व्हर्निअरवरही स्वच्छ दिसतो. या पद्धतीत बुडाची गोलाई आणि वरच्या कडेची झीज या दोहोंचा संबंध येत नाही, कारण रोलर दोन्ही भिंतींना मधेच टेकतात.

वरच्या कडेचा उल्लेख सहज केलेला नाही. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत मोकळा ठेवलेला ठोकळा एका पावसाळ्यातच कडेला गंजतो. शिवाय कड हाताला लागू नये म्हणून ती मोडायची पद्धत आहेच. दोन्ही कडा प्रत्येकी अर्धा मिलिमीटर मोडलेल्या असतील तर रुंदी 24 ऐवजी 25 भरेल आणि तेवढ्यानेच अर्धा कोन 32 अंश येईल, म्हणजे एका अंशाची चूक. त्या मानाने व्हर्निअरच्या वाचनातली चूक किरकोळ असते: आपल्या खाचेत रुंदी 0.1 मिमीने चुकल्यास अर्धा कोन सुमारे 0.1 अंशाने सरकतो, आणि खोली तेवढीच चुकल्यास जेमतेम 0.13 अंशाने.

एक गोष्ट मात्र रोलरांच्या उंचीवरूनही कळत नाही. खाच एका बाजूला कललेली असेल, म्हणजे बूड वरच्या रुंदीच्या मधोमध नसेल, तर अर्धा कोन असा उरतच नाही; प्रत्येक भिंतीचा कोन वेगळा होतो. समजा, बूड एका कडेपासून 11 आणि दुसऱ्या कडेपासून 13 मिमीवर आहे. मग दोन कोन 28.81 आणि 33.02 अंश येतात, पण त्यांची बेरीज 61.83, म्हणजे सरळ खाचेच्या 61.93 पासून जेमतेम एक दशांश अंश दूर. बेरजेवरून कल ओळखू येत नाही तो असा. त्यासाठी खाचेत रोलर ठेवून ठोकळ्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूपासून त्याचे अंतर मोजावे, मग दुसरा रोलर ठेवून तेच करावे. खाच सरळ असेल तर दोन्ही रोलरांचे मध्य एकाच उभ्या रेषेत येतात, आणि कललेली असेल तर मोठा रोलर एका बाजूला सरकलेला दिसतो.

हा कोन लेथच्या कंपाउंड स्लाइडवर लावण्यासाठी हवा असेल, तर आधी तिच्या चकतीवरचा शून्य कुठे आहे ते पाहावे. काही मशिनांवर स्लाइड जॉबच्या अक्षाला समांतर असताना शून्य दिसते. तिथे पुलीच्या खाचेसाठी 17 नव्हे, तर 73 अंश लावावे लागतात.